पहिल्या वर्षी ७९९, दुसऱ्या वर्षी २,९९९

समजा, ऑगस्टमध्ये तुम्ही ७९९ रुपयांना वर्षभराचा अँटिव्हायरस घेतला. पुढच्या वर्षी त्याच योजनेचे २,९९९ रुपये आपोआप कापले जाणार आहेत, कारण पहिली किंमत फक्त नव्या ग्राहकासाठी होती. पैसे भरताना तुम्ही बँकेला मँडेट, म्हणजे दरवर्षी पैसे वळते करण्याची परवानगीही दिलेली असते. तिथे एक कमाल रक्कम लिहिलेली असते आणि ती ७९९ पेक्षा बरीच मोठी असू शकते. वाढीव दर तिच्या आत बसला की पुन्हा ओटीपी लागत नाही. १५,००० रुपयांपर्यंत रिझर्व्ह बँकेचे नियम तशी मुभा देतात.

म्हणून सॉफ्टवेअर संगणकावरून काढून टाकल्याने काहीच थांबत नाही. बंद करायचे ते ऑटो-रिन्युअल, आणि तेही जिथून योजना घेतली तिथूनच. कंपनीच्या साइटवर घेतली असेल तर तिथल्या खात्यात, फोनवर घेतली असेल तर प्ले स्टोअर किंवा ॲपलच्या सबस्क्रिप्शनच्या यादीत. व्हीपीएनचेही असेच.

हे काम मुदत संपण्याच्या महिनाभर आधीच करा. काही कंपन्या शेवटच्या दिवसाची वाट न पाहता कित्येक दिवस आधीच पैसे घेतात. लवकर बंद केल्याने सहसा भरलेले दिवस वाया जात नाहीत, पण अटी एकदा वाचाव्यात. वाटेत ‘तुमचा संगणक असुरक्षित होईल’ अशा सूचना येतील, सवलतही पुढे केली जाईल. घाबरू नका. विंडोज १० किंवा ११ वर दुसरा अँटिव्हायरस नसेल तर मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो. शेवटचे बटण दाबेपर्यंत रद्द झाले असे समजू नका. ऑटो-रिन्युअल बंद झाल्याचा ईमेल आला की तो जपून ठेवा.

मग मँडेटही रद्द करा. यूपीआयने पैसे भरले असतील तर ॲपमधल्या ‘Autopay’ विभागात ते सापडते. कार्डाचे असेल तर बँकेच्या साइटवर किंवा ॲपमध्ये. नुसते मँडेट रद्द केले तर कंपनीच्या खात्यात योजना चालूच दिसते आणि ती दुसरे साठवलेले कार्ड वापरून पाहू शकते, म्हणून आधी कंपनीकडे, मग बँकेकडे.

विसरलात तरी एक संधी उरते. भारतीय कार्डावर किंवा यूपीआयवर असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. तिच्यात रक्कम आणि तारीख असते आणि तो व्यवहार नाकारता येतो. मात्र संदेशातल्या लिंकवर भरवसा न ठेवता बँकेचे ॲप स्वतः उघडा, कारण अशा नूतनीकरणाच्या खोट्या सूचनाही फिरतात.

पैसे गेलेच, तर लगेच कंपनीकडे परतावा मागा; मुदत बहुधा पैसे कापल्याच्या दिवसापासून मोजतात. आधी रद्द करूनही कापले असतील, तर तो जपलेला ईमेल जोडून बँकेकडे तक्रार नोंदवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही. रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवण्याला केंद्राच्या २०२३ च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे, हे तक्रारीत जरूर लिहा.