‘माशाअल्लाह’ जरा उशिरा म्हणा

सातवीच्या वर्गात मी विचारले, “टोपली आणि सूप सोडून बांबूचे आणखी काय काय होईल?” आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना बांबू काही नवा नाही. “शिडी,” एक जण म्हणाला. मी लगेच “माशाअल्लाह!” म्हटले आणि वर्ग गप्प झाला. सरांना हवे ते उत्तर मिळाले, मग बोलायचे कशाला?

दुसऱ्या तुकडीत मी पाच मिनिटे वहीत लिहायला सांगितले आणि मत द्यायचे टाळले. आधी शिडी, कुंपण, मांडव हेच सगळ्यांचे. तिसऱ्या मिनिटाला पेन थांबले. वही मिटायचा मोह इथेच होतो; पण न सुचलेले बहुधा यानंतरच येते. एकीने लिहिले, “पोकळ पेरात बी ठेवायचे.” एकाने लिहिले, “वास्त्यांची भाजी.” वर्ग हसला, मीही काट मारणारच होतो.

वस्तूचे वेगळे उपयोग विचारण्याची ही चाचणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात उत्तरे किती, प्रकार किती आणि इतरांना न सुचलेली किती, हे वेगवेगळे मोजतात. शिडी आणि मचाण ही उत्तरे दोन, पण प्रकार एकच, उंचावर जायचे. भाजीने मात्र नवा प्रकार उघडला. “बांबूवर बसून चंद्रावर जायचे” हेही कुणाला सुचले नव्हते, पण ते बांबूने होत नाही, म्हणून मोजले नाही.

भाजीवाल्याला मी विचारले, “कशी करतात?” त्याने कोवळे कोंब चिरून उकळण्यापासून सगळे सांगितले. एरवी तो हात वर करत नाही.