लाल-हिरवे ठिपके काकांना सारखेच दिसले

बेसातल्या आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्ससाठी मी छोटं अ‍ॅप बनवलं. पैसे भरले तर हिरवा ठिपका, बाकी असतील तर लाल. हिशोब बघणारे काका म्हणाले, “अरे बापा, मले तर सगळे ठिपके एकाच मातकट रंगाचे दिसून राहिले!”

माझा लाल होता #D32F2F आणि हिरवा #388E3C. रंग वेगळे, पण उजळपणा जवळपास सारखाच. दोघांमधलं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर जेमतेम 1.2. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या डोळ्याला मुख्य आधार उजळपणाचाच असतो, आणि तोच मी ठेवला नव्हता.

अशा डोळ्यांना निळा आणि पिवळसर रंग मात्र सहसा वेगळे कळतात. आपल्या मेट्रोच्या सीताबर्डीला भेटणाऱ्या ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइन आठवा, साधारण तशी जोडी. मी निळा #0072B2 आणि नारिंगी #E69F00 घेतला. गुणोत्तर 2.3 झालं.

इथे पुन्हा फसलो. “बाकी” हा शब्द पांढऱ्यावर नारिंगीत लिहिला, तर गुणोत्तर फक्त 2.25. साध्या आकाराच्या मजकुराला किमान 4.5 लागतं. मग चौकोन नारिंगी केला आणि अक्षरं काळी: 9.3. शब्द मुद्दाम ठेवला, कारण उन्हात स्क्रीनवर रंग कुणालाच नीट दिसत नाहीत.

तुमचं डिझाइन तपासायचं असेल तर अँड्रॉइडच्या Developer options मध्ये Simulate color space उघडा आणि Deuteranomaly निवडा. दोन खुणा ओळखताना अडखळलात, तर जोडी बदला. मी नंतर काकांनाही दाखवलं. त्यांनी पहिल्याच नजरेत चार थकबाकीदार शोधले. त्यात आमचाही फ्लॅट होता.