परतीच्या पॅकेटचं काय?

अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या क्लाउडमध्ये सर्व्हर उभा केला की त्याच्याकडे येणारं पॅकेट दोन तपासण्या पार करूनच आत पोचतं. पहिली सबनेटच्या वेशीवर होते, ती नेटवर्क एसीएलची. दुसरी सर्व्हरच्या नेटवर्क इंटरफेसवर होते, ती सिक्युरिटी ग्रुपची. बाहेर जाताना हाच क्रम उलटा होतो. 2009 साली अ‍ॅमेझॉनने व्हीपीसी, म्हणजे ग्राहकाचं स्वतःचं खासगी नेटवर्क देऊ केलं. आज मुंबईच्या `ap-south-1` रीजनमध्ये कुणी असं नवं नेटवर्क आखायला बसलं, की याच दोन तपासण्या पुढ्यात येतात.

दोघींचे नियम दिसायला सारखेच असतात: कोणता प्रोटोकॉल, कोणता पोर्ट, कुठून किंवा कुठे. नवखा माणूस त्यामुळे दोन्हीकडे तेच नियम लिहून मोकळा होतो, आणि तिथेच फसतो. सिक्युरिटी ग्रुप झालेला संवाद लक्षात ठेवतो. नेटवर्क एसीएल काहीच लक्षात ठेवत नाही. बाकीचे बहुतेक गुणदोष या एका फरकातून निघतात.

एक साधी मांडणी घेऊ. `10.0.1.0/24` या सबनेटमध्ये अ‍ॅप्लिकेशनचे लिनक्स सर्व्हर आहेत आणि `10.0.2.0/24` मध्ये पोस्टग्रेस डेटाबेस, पत्ता `10.0.2.40`, पोर्ट 5432. डेटाबेसच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये आत येण्याचा एकच नियम आहे: `app-sg` हा ग्रुप ज्यांना लावला आहे त्या इंटरफेसवरून 5432 वर टीसीपी येऊ द्या. पत्त्याऐवजी दुसऱ्या ग्रुपचं नाव देता येणं ही सिक्युरिटी ग्रुपची मोठी सोय आहे. उद्या अ‍ॅप्लिकेशनचे सर्व्हर दोनाचे वीस झाले, त्यांचे पत्ते बदलले, तरी नियमाला हात लावावा लागत नाही.

आता `10.0.1.15` हा सर्व्हर डेटाबेसशी जोडणी करतो. आपल्या बाजूने तो तात्पुरता पोर्ट निवडतो, समजा 41822. पहिलं पॅकेट 41822 वरून 5432 कडे जातं. सिक्युरिटी ग्रुप नियम पाहतो, ते आत सोडतो आणि या जोडणीची नोंद ठेवतो: दोन्ही पत्ते, दोन्ही पोर्ट, प्रोटोकॉल. डेटाबेसचं उत्तर 5432 वरून 41822 कडे निघतं, तेव्हा बाहेर जाण्याचे नियम पाहिलेच जात नाहीत. नोंद सापडली, उत्तर गेलं. डेटाबेसच्या ग्रुपमधले बाहेर जाण्याचे सगळे नियम पुसून टाकले तरी हे उत्तर पोचेल. यालाच स्टेटफुल म्हणतात.

नेटवर्क एसीएलकडे अशी नोंद नसते. त्याच्या दृष्टीने ते उत्तर म्हणजे 41822 या कुठल्याशा पोर्टकडे निघालेलं एक सुटं पॅकेट. ते कुणाच्या प्रश्नाचं उत्तर आहे हे कळायला त्याला मार्ग नाही. जुन्या सिस्को राउटरच्या यादीत `established` हा शब्द लिहून किमान टीसीपीचे झेंडे तपासता येत. इथे तेवढीही सोय नाही. म्हणून परतीची वाट आपण स्वतः, पोर्टच्या आकड्यांनिशी लिहून द्यावी लागते. डेटाबेसच्या सबनेटसाठी कुणीतरी ती अशी लिहिली असं समजू:

```
Inbound
100  TCP  5432         10.0.1.0/24  ALLOW
*    All  All          0.0.0.0/0    DENY

Outbound
100  TCP  49152-65535  10.0.1.0/24  ALLOW
*    All  All          0.0.0.0/0    DENY
```

नियम लहान क्रमांकापासून तपासले जातात. पहिला जुळला की निर्णय झाला, पुढचं कुणी पाहत नाही. तळाची `*` ची ओळ कायमची असते: काहीच जुळलं नाही तर नकार. लिहिणाऱ्याने परतीच्या वाटेचा विचार केला आहे. 49152 ते 65535 हा पट्टाही त्याने मनाने काढलेला नाही. तात्पुरत्या पोर्टसाठी आयएएनए या संस्थेने ठरवलेला तोच आहे, आणि विंडोजच्या आजच्या आवृत्त्या तोच वापरतात. पण आपले अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर लिनक्सचे आहेत. त्यांना विचारलं तर उत्तर वेगळं येतं:

```
$ cat /proc/sys/net/ipv4/ip_local_port_range
32768	60999
```

या पट्ट्यात 28,232 पोर्ट आहेत. त्यातले 32768 ते 49151 हे 16,384 पोर्ट वरच्या नियमात बसत नाहीत. म्हणजे दर शंभर नव्या जोडण्यांपैकी साधारण 58 अडकणार आणि 42 सुरळीत लागणार. हा बिघाड इतका छळतो तो याचमुळे. पूर्ण बंद असतं तर कारण पाच मिनिटांत सापडलं असतं. इथे कुणीतरी हाताने `psql` चालवून पाहतं, नशिबाने 53000 च्या आसपासचा पोर्ट मिळतो आणि ‘नेटवर्क ठीक आहे’ असा निर्वाळा दिला जातो. अ‍ॅप्लिकेशनने जोडण्यांचा साठा आधीच उघडून ठेवला असेल तर त्यातल्या लागलेल्या जोडण्या दिवसभर नीट चालतात. गर्दी वाढून नव्या जोडण्या लागल्या की त्रास सुरू होतो, आणि दोष डेटाबेसवर जातो.

लक्षणं मात्र नेमकी असतात. अडलेली जोडणी ‘नाकारली’ असं म्हणत नाही, ती नुसती लटकून राहते आणि अखेर `Connection timed out` येतं. `Connection refused` आलं असतं तर पॅकेट बहुधा यंत्रापर्यंत पोचलं आहे आणि त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, असा अर्थ झाला असता. ही दोन्ही तपासणी-केंद्रं पॅकेट निमूटपणे टाकून देतात, पाठवणाऱ्याला काही कळवत नाहीत. त्या जोडणीचे पुनःप्रयत्नही त्याच तात्पुरत्या पोर्टवरून होतात, त्यामुळे वाट पाहून फायदा नसतो. डेटाबेसच्या यंत्रावर `tcpdump` लावला तर पहिलं पॅकेट आत आलेलं दिसतं आणि उत्तर बाहेर पडलेलंही दिसतं. अ‍ॅप्लिकेशनच्या यंत्रावर मात्र ते उत्तर कधीच येत नाही. `ss -tan` मध्ये डेटाबेसच्या बाजूला ती जोडणी `SYN-RECV` वर खोळंबलेली सापडते.

यंत्रावर शिरायची परवानगी नसेल तर व्हीपीसी फ्लो लॉग पुरतो. डेटाबेसच्या इंटरफेसच्या लॉगमधले कामाचे रकाने घेतले तर हे दिसतं (6 म्हणजे टीसीपी):

```
10.0.1.15  10.0.2.40  41822  5432   6  ACCEPT
10.0.2.40  10.0.1.15  5432   41822  6  REJECT
```

या दोन ओळी एकत्र दिसल्या की मी तरी दुसरीकडे शोधत बसणार नाही. प्रश्नाला आत सोडलं आणि त्याच प्रश्नाच्या उत्तराला अडवलं, असं सिक्युरिटी ग्रुप करत नाही, कारण त्याच्याकडे नोंद असते. हे एसीएलचंच काम. उलट सिक्युरिटी ग्रुपने अडवलं असतं तर पहिल्याच ओळीत `REJECT` आलं असतं आणि दुसरी ओळ निघालीच नसती.

इथे दुरुस्ती सोपी आहे: बाहेरचा पट्टा 32768-60999 करायचा. पण पलीकडे लोड बॅलन्सर किंवा नॅट गेटवे असेल तर तेही पुरत नाही, ते 1024 ते 65535 मधला कुठलाही पोर्ट घेतात. म्हणून बहुतेक जण 1024-65535 असं सरसकट लिहितात. डेटाबेसच्या सबनेटमधून फक्त `10.0.1.0/24` कडे हा पट्टा उघडणं ठीकच आहे. नॅट गेटवे असलेल्या पब्लिक सबनेटमध्ये मात्र इंटरनेटकडून परत येणाऱ्या उत्तरांसाठी हाच पट्टा आतल्या दिशेने, साऱ्या जगासाठी उघडावा लागतो. त्यात 3389, 5432, 6379 हे सगळे येतात. रिमोट डेस्कटॉपच्या धास्तीने कुणी वर 3389 ला नकार लिहिला, तर नॅट गेटवेने कधीतरी तोच क्रमांक तात्पुरता पोर्ट म्हणून घेतल्यावर ती एक जोडणी मरते. हजारोंतून एखादी, आणि कारण शोधणाऱ्याच्या हाती लागणं महाकठीण. आठवण नसलेल्या तपासणीला बारीकसारीक नियम दिले की असं होतं. माझं मत स्पष्ट आहे: बारकाईची जागा सिक्युरिटी ग्रुप ही आहे. एसीएलमध्ये मोजके, ढोबळ नियम असावेत.

मग एसीएल ठेवायचंच कशाला? त्याच्याकडे सिक्युरिटी ग्रुपकडे नसलेल्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे नकार. सिक्युरिटी ग्रुपमध्ये फक्त परवानगी लिहिता येते, ‘हा एक पत्ता सोडून’ असं म्हणताच येत नाही. दुसरी गोष्ट संकटाच्या वेळी कळते.

समजा कंत्राटदाराच्या कार्यालयाला `203.0.113.0/24` वरून पोर्ट 22 उघडून दिला होता. त्यांचा एक लॅपटॉप दुसऱ्याच्या ताब्यात गेला आणि `203.0.113.25` वरून कुणीतरी सर्व्हरवर बसलं आहे. पहिला हात जातो सिक्युरिटी ग्रुपकडे, नियम पुसायला. नियम पुसला की नव्या जोडण्या थांबतात. आधीच बसलेला माणूस बसलेलाच राहतो, कारण त्याच्या जोडणीची नोंद अजून शाबूत आहे. पॅकेट येत राहिली तर ती मिटत नाही. शांत पडलेली टीसीपी नोंदसुद्धा बऱ्याच प्रकारच्या इन्स्टन्सवर मुळात 4,32,000 सेकंद, म्हणजे पाच दिवस टिकते. अशा वेळी एसीएलचं विसरणं उपयोगी पडतं. 10 क्रमांकावर त्या एका पत्त्याला नकार लिहिला, आत आणि बाहेर दोन्हीकडे, की लागू होताच पुढचं पॅकेट अडतं, कारण तिथे प्रत्येक पॅकेट नव्याने तपासलं जातं. क्रमांक 100, 200 असे अंतर ठेवून देतात ते यासाठीच. वर जागा लागते. एवढं ध्यानात ठेवावं लागतं की हा नकार सबनेटमधल्या सगळ्या यंत्रांना लागतो.

गंमत म्हणजे नियम ऐसपैस असता तर गोष्ट वेगळी घडली असती. आत येण्याचा नियम `0.0.0.0/0` साठी असेल आणि उलट दिशेनेही सगळ्या पोर्टवर सगळ्यांना परवानगी असेल, तर अ‍ॅमेझॉन त्या टीसीपी किंवा यूडीपी जोडणीची सहसा नोंदच ठेवत नाही. उत्तराला परवानगी आहेच, लक्षात ठेवायचं कशाला? नोंद नसलेली जोडणी नियम पुसताच तुटते. म्हणजे काळजीपूर्वक, अरुंद लिहिलेला नियमच पुसल्यावर आपला परिणाम मागे ठेवून जातो.

लक्षात ठेवण्याला मर्यादाही आहे. प्रत्येक इन्स्टन्सला किती जोडण्यांची नोंद ठेवता येईल याची एक कमाल असते आणि ती प्रकाराप्रमाणे बदलते. ती भरली की नव्या जोडण्यांची पॅकेट टाकून दिली जातात, नियमात परवानगी असूनही. सीपीयू मोकळा, मेमरी मोकळी, नियम बरोबर, तरी जोडण्या लटकतात. तेव्हा इन्स्टन्सच्या आतून पाहायचं:

```
ethtool -S eth0 | grep conntrack
```

`conntrack_allowance_exceeded` हा आकडा वाढत असेल तर कारण सापडलं. उपाय म्हणजे रिकाम्या जोडण्यांची मुदत कमी करणं, मोठा इन्स्टन्स घेणं, किंवा जिथे साऱ्या जगाला दार उघडंच आहे तिथे दोन्ही बाजूंचे नियम पूर्ण उघडे ठेवून नोंदच टाळणं.

अझ्युअरवरून आलेल्या माणसाला यातलं बरंच उलटं वाटतं. तिथला नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप सबनेटलाही लागतो, त्याला क्रमांकवार प्राधान्य असतं, नकारही लिहिता येतो, आणि तरी तो स्टेटफुल असतो. सवयीने तो अ‍ॅमेझॉनच्या एसीएलला त्याचा भाऊ समजतो, आतले नियम लिहितो आणि बाहेरचे विसरतो.

शेवटची एक हद्द. नेटवर्क एसीएल सबनेटच्या वेशीवरच तपासतं. अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस एकाच सबनेटमध्ये ठेवले, तर त्यांच्यातलं एकही पॅकेट त्याच्यासमोरून जात नाही. तिथे लिहिलेला 5432 चा नकार कागदावर कितीही कडक दिसला, तरी त्या दोघांमध्ये उभा असतो तो फक्त सिक्युरिटी ग्रुप.