दिवाळीच्या आधी होतंय का?

एका पतसंस्थेच्या चौदा शाखा जुन्या सॉफ्टवेअरवरून नव्यावर न्यायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या आढावा बैठकीसाठी मी जो डॅशबोर्ड बनवला, त्याच्यावर सतरा चौकटी होत्या. तक्रारींचं गोल चित्र, कुणी किती तास भरले त्याचे खांब, किती चाचण्या पास झाल्या त्याचा काटा, उरलेल्या कामाची उतरती रेघ. रंग छान जमले होते. संस्थेचे उपाध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी चष्मा वर सरकवून तो पडदा दहा-पंधरा सेकंद पाहिला आणि म्हणाले, ‘‘ते सगळं असू दे, मॅडम. दिवाळीच्या आधी होतंय का?’’

सतरा चौकटींपैकी एकीतही याचं उत्तर नव्हतं.

अण्णा या प्रकल्पाचे स्पॉन्सर. हा शब्द ऐकला की क्रिकेटच्या जर्सीवरची जाहिरात आठवते, पण प्रकल्पाच्या भाषेत स्पॉन्सर म्हणजे ज्याने संचालक मंडळापुढे उभं राहून पैसे मंजूर करून घेतले आणि काम बिघडलं तर ज्याला त्याच मंडळापुढे पुन्हा उभं राहावं लागतं, असा माणूस. तो रोजचं काम करत नाही. आठवड्यातून वीस मिनिटं देतो. त्या वीस मिनिटांत त्याला जे कळायला हवं, तेवढंच डॅशबोर्डवर हवं. बाकीचं माझ्या आणि टीमच्या कामाचं असतं, आणि ते आमच्या फळ्यावर खुशाल असावं.

डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी, ती ‘डॅशबोर्ड’. माझ्या त्या सतरा चौकटींनीही तेच केलं होतं. चिखल माझ्या अंगावर येत नव्हता, आणि रस्ताही कुणाला दिसत नव्हता.

मग मी पुढचे चार आठवडे एकच केलं. अण्णा फोनवर, जिन्यात, बैठकीत जे काही विचारायचे, ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतलं. पंचवीसेक प्रश्न जमले. नीट पाहिलं तर ते चारच होते, फक्त कपडे बदलून येत होते. ठरल्या तारखेला होतंय का? मंजूर पैशांत बसतंय का? काय अडलंय? आणि यात मी काय करायचं? नव्या डॅशबोर्डवर चार चौकटी ठेवल्या आणि प्रत्येकीचं शीर्षक म्हणून हे प्रश्नच लिहिले. ‘कामाची प्रगती’ असं शीर्षक दिलं की खाली काहीही खपतं. ‘ठरल्या तारखेला होतंय का?’ असं लिहिलं की खाली उत्तरच द्यावं लागतं.

तारखेची चौकट सगळ्यात अवघड निघाली, कारण आधी ‘झालं’ म्हणजे काय ते ठरवावं लागलं. आमचे इंजिनिअर प्रत्येक शाखेचं काम टक्क्यांत सांगायचे, आणि टक्के नव्वदवर आले की तिथेच महिनाभर मुक्काम ठोकायचे. म्हणून टक्के बंद केले. शाखा एकतर झाली किंवा नाही झाली. झाली म्हणजे जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरची तेरीज पैशापर्यंत जुळली, तीन दिवस दोन्हीकडे व्यवहार समांतर चालले आणि शाखाधिकाऱ्याने कागदावर सही केली. सही नाही तर शून्य. टीमला हे पहिल्यांदा अन्यायाचं वाटलं.

मग दर मंगळवारी सकाळी एक ओळ लिहायची. आजची तारीख, उरलेल्या शाखा, आठवड्याला किती शाखा होतील तो वेग, आणि त्यावरून काम संपण्याची तारीख. एवढ्यासाठी साधी स्प्रेडशीट पुरते. पहिल्या स्तंभात तारीख, दुसऱ्यात उरलेल्या शाखा, तिसऱ्यात वेग असेल, तर चौथ्यात हे सूत्र:

```
=A2+7*B2/C2
```

यात एकच पथ्य. मागच्या आठवड्याची ओळ पुसून त्यावर नवी लिहायची नाही, खाली नवी ओळ जोडायची. बहुतेक डॅशबोर्डवर फक्त आजचा अंदाज असतो. तो दर आठवड्याला थोडा पुढे सरकतो आणि मागचा कुणाच्याच लक्षात नसतो. आमचा तक्ता असा भरत गेला. ८ जुलैला १२ शाखा बाकी, अंदाज ३० सप्टेंबर. १५ जुलैला ११ बाकी, अंदाज तोच. २२ जुलैलाही ११च, अंदाज ७ ऑक्टोबर. २९ जुलैला १० बाकी, अंदाज ७ ऑक्टोबरच. ५ ऑगस्टला १०, अंदाज १४ ऑक्टोबर. १२ ऑगस्टला पुन्हा १०, अंदाज २१ ऑक्टोबर.

याचा आलेख काढायचा तर आडव्या रेषेवर आढाव्याची तारीख आणि उभ्या रेषेवर त्या दिवशीचा अंदाज. काम वेळेवर असेल तर रेघ सपाट जाते. रेघ वर चढू लागली की काम लांबतंय. आणि दोन्ही बाजूंचं माप सारखं ठेवलं असताना रेघ पंचेचाळीस अंशांत चढली, तर दर आठवड्याला आठवडाभर उशीर होतोय, म्हणजे आपण जागच्या जागी चालतोय. १५ जुलैला आम्ही शेवटापासून अकरा आठवडे दूर होतो. चार आठवडे राबून १२ ऑगस्टला दहा आठवडे दूर होतो. महिनाभराच्या कामाने एक आठवडा कापला होता. हे वाक्य मी आलेखाखाली तसंच लिहिलं. आलेख वाचायची सवय नसलेल्या माणसाला ते वाक्य पुरतं.

अण्णांनी ते वाचलं आणि तिसऱ्या स्तंभावर बोट ठेवलं. ‘‘चार आठवड्यांत एक शाखा झाली, तर तुम्ही वेग आठवड्याला एक कसा धरलाय?’’ प्रश्न बरोबर होता. वेग आराखड्यातला होता, प्रत्यक्षातला नव्हता. प्रत्यक्ष वेग धरला तर उरलेल्या दहा शाखांना चाळीस आठवडे लागले असते. पण तेही खरं नव्हतं, कारण आणखी तीन शाखांचं काम पुरं झालं होतं आणि फक्त सही अडली होती. सूत्र भागाकार करतं, कारण सांगत नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत एवढी तफावत दिसली की तिसऱ्या चौकटीकडे जायचं: काय अडलंय?

तिथे एकच ओळ होती. जुनं सॉफ्टवेअर आवर्ती ठेवींचं व्याज दर तिमाहीला पूर्ण रुपयात करायचं, नवं पैशांपर्यंत मोजून मुदतीअखेर करायचं. दर खात्यात रुपया-दोन रुपयांचा फरक. हा फरक कोणत्या खात्यात टाकायचा याचा ठराव झाल्याशिवाय शाखाधिकारी सही करायला तयार नव्हते. लेखापरीक्षकाला उत्तर त्यांनाच द्यावं लागणार होतं, त्यामुळे त्यांचं बरोबरच होतं. आणि ठराव करणार कोण, तर संचालक मंडळ. ओळीसमोर तारीख होती, १८ जुलैपासून, म्हणजे पंचवीस दिवस. ती गाठ अण्णांच्याच दारात पडली होती आणि त्यांना ती कुणी सांगितली नव्हती. माझ्या जुन्या डॅशबोर्डवर ती ‘मध्यम’ प्राधान्याच्या एकतीस नोंदींपैकी एक म्हणून गोल चित्राच्या एका पिवळ्या फोडीत बसली होती.

म्हणून चौथी चौकट, ‘मी काय करायचं?’, ही मी आता सगळ्यात वर ठेवते. तिच्यात ओळी जास्तीत जास्त तीन. प्रत्येक ओळीत कोणता निर्णय हवा, केव्हापासून अडलाय आणि न घेतल्यास दर आठवड्याला काय जाईल. आम्ही कामाच्या नोंदी जिरामध्ये ठेवायचो. ज्या नोंदीला स्पॉन्सरचा निर्णय हवा, तिला `nirnay` असं लेबल लावायचं आणि हा फिल्टर `Filter Results` या गॅजेटला जोडायचा, की सर्वांत जुनी नोंद आपोआप वर येते:

```
project = CORE AND labels = nirnay
AND resolution = Unresolved
ORDER BY created ASC
```

लेबल मात्र माणसानेच लावायचं असतं. टीमला ते लावायला संकोच वाटतो, कारण ते वरच्या माणसाकडे बोट दाखवल्यासारखं होतं. चौकट तीन आठवडे रिकामी राहिली, तर मी खूश होत नाही. चहाच्या वेळी जाऊन विचारते.

पैशांची चौकट त्यामानाने सोपी. तिथे ‘किती खर्च झाला’ हे लिहायचं नाही. ‘संपेपर्यंत किती होईल’ ते लिहायचं. १२ ऑगस्टला मंजूर ६० लाखांपैकी ३४ लाख गेले होते. टीमचा खर्च आठवड्याला दीड लाख, दहा आठवड्यांचे १५. लायसन्सचा शेवटचा हप्ता ९. एकूण ५८. दोन लाख शिल्लक दिसत होते, पण ते जेमतेम सव्वा आठवड्याचे. तारखेची रेघ दर आठवड्याला वर चढत असताना ही शिल्लक किती दिवसांची, हे अण्णांना सांगावं लागलं नाही.

रंगांबद्दल एवढंच सांगते की रंग हा मताचा विषय ठेवला की सगळं हिरवंच राहतं. या धंद्यात त्याला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं, आतून लाल. आम्ही पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवलं होतं की अंदाज मूळ तारखेच्या दोन आठवड्यांपलीकडे गेला तर लाल, मग कुणाला काहीही वाटो.

ठराव दोन दिवसांत झाला. २६ ऑगस्टपर्यंत अडलेल्या तीन शाखांच्या सह्या आल्या, सात उरल्या, अंदाज १४ ऑक्टोबरवर परतला. पण दिवाळीच्या तोंडावर ठेवी काढायला काउंटरवर रांगा लागतात. त्या दिवसांत सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे शाखेत भांडण लावणं. आता अण्णांपुढे निवड स्पष्ट होती. त्यांनी ३० सप्टेंबरला थांबायचं ठरवलं आणि दोन सर्वांत लहान शाखा दिवाळीनंतरवर टाकल्या. पाच आठवड्यांत पाच शाखा झाल्या. त्यांत मोठी बाजारपेठेची शाखाही होती आणि तिनेच मला सगळ्यात जास्त घाम फोडला. आठवड्याला एक हा हिशेब सगळ्या शाखा सारख्या मानतो, आणि त्या तशा नसतात. म्हणून मोठी शाखा शेवटी ठेवायची नाही, एवढं मी तेव्हापासून पाळते.

नोव्हेंबरात शेवटच्या शाखेची सही झाली. त्या मंगळवारी अण्णांनी तारखेच्या चौकटीकडे पाहिलंही नाही. ‘‘पासबुक छापताना मशीन अडकतंय म्हणे. रोज किती लोक परत जातात?’’ मी तारखेची चौकट काढून टाकली आणि तिच्या जागी हा प्रश्न टंकला.