“परवानगी दे…” म्हणजे द्या की नका?

मावशीने नवा फोन घेतला, तेव्हा दुकानातच भाषा मराठी करून घेतली आणि अक्षरंही मोठी करून घेतली. तिसऱ्या दिवशी फोन माझ्यासमोर धरून म्हणाली, “यातलं कुठलं दाबू रे?” एका ॲपला मायक्रोफोन हवा होता. खाली शेजारी शेजारी दोन बटणं. एकावर “परवानगी…”, दुसऱ्यावरही “परवानगी…”.

भाषांतर करणाऱ्याने काम चोख केलं होतं. त्याने “परवानगी द्या” आणि “परवानगी देऊ नका” असं लिहिलं होतं. बटणात मात्र तेवढी जागा नव्हती, म्हणून फोनने उरलेला मजकूर कापून तिथे तीन टिंबं ठेवली. इंग्रजीत हा गोंधळ होत नाही, कारण तिथे “Allow” आणि “Don't allow” हे पहिल्या अक्षरापासूनच वेगळे आहेत. शेपूट कापलं तरी नकार शाबूत राहतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. शेवटून कापायचा नियम मराठीला लावला, की पहिला बळी “नका”चा जातो.

जागा नेमकी किती कमी पडते, हे एकदा मोजून पाहू. फोनचा पडदा ३६० पिक्सेल रुंद धरू. बाजूची समास-पट्टी वगळून चौकट उरते ३१२ पिक्सेलची, तिच्या आतला मोकळा भाग गेला की २६४. दोन बटणांमध्ये ८ पिक्सेलची फट ठेवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला १२८ येतात. बटणाच्या दोन्ही कडांना १६-१६ सोडले की अक्षरांसाठी राहतात ९६. सोळाच्या आकारात “Don't allow” साधारण ९० पिक्सेलमध्ये बसतं. डिझायनरने चौकट आखली, तेव्हा त्याच्यासमोर हेच शब्द होते, त्यामुळे त्याला सगळं ठीक दिसलं. “परवानगी देऊ नका” मात्र ११०च्या आसपास जातं. फॉन्टनुसार थोडं इकडेतिकडे. म्हणजे अक्षरं मोठी न करताही ते कापलं जातं, आणि उरतं काय? “परवानगी दे…”. नकाराच्या बटणावर चक्क आज्ञा! मावशीला निदान शंका तरी आली.

ही अडचण मराठीपुरती नाही. जर्मनमध्ये “Settings”चं “Einstellungen” होतं. आयबीएमच्या एका जुन्या मार्गदर्शिकेत आडाखा दिला आहे, की इंग्रजीतला दहा अक्षरांपर्यंतचा मजकूर भाषांतरात दुप्पट ते तिप्पट होऊ शकतो, पण सत्तरपेक्षा जास्त अक्षरांचा मजकूर साधारण तीस टक्केच वाढतो. जितका शब्द छोटा तितकी वाढ मोठी, आणि बटणांवर असतात ते छोटेच शब्द.

यावर प्रोग्रामरला पहिला सुचणारा उपाय म्हणजे अक्षर बारीक करणं. अँड्रॉइडमध्ये आवृत्ती ८पासून त्याची सोयच आहे: मजकूर मावेपर्यंत आकार आपोआप उतरतो. आपल्या बटणात सोळाचे चौदा केले, तरी मजकूर ९७च्या आसपास राहतो, म्हणजे काठावर अडकतो. तेरावर बसतो. पण शेजारचं “परवानगी द्या” सोळातच मावत असल्यामुळे ते मोठंच राहतं. होकार ठळक आणि नकार कुजबुजत, असं ते दृश्य दिसतं. शिवाय ज्या माणसाने अक्षरं मुद्दाम मोठी करून घेतली, त्याचीच अक्षरं आपण गुपचूप लहान करतो. आकार उतरवायचाच असेल, तर दोन्ही बटणांचा एकत्र आणि एका ठरलेल्या मर्यादेपर्यंतच उतरवावा.

त्याआधी करून पाहायची गोष्ट साधी आहे: मजकूर दोन ओळींत जाऊ द्यावा. इथे अडतं ते उंचीपाशी. बटणाची उंची ४० पिक्सेल अशी ठोकून बसवलेली असते, त्यामुळे दुसरी ओळ अर्धी बाहेर डोकावते. उंची ‘इतकीच’ न सांगता ‘निदान इतकी’ अशी सांगितली, की बटण गरजेप्रमाणे वाढतं. देवनागरीला ओळीतही थोडी जास्त जागा लागते, कारण वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार. इंग्रजीच्या मापाची घट्ट ओळ दिली, तर “पूर्व”चा ऊकार छाटला जाऊन त्याचं “पर्व” होतं. हा दोष तीन टिंबांहून वाईट, कारण काही कापलं गेलंय याची खूणही राहत नाही.

ओळ कुठे मोडते, हेही पाहावं लागतं. ९६ पिक्सेलमध्ये “परवानगी देऊ” एवढं मावतं, त्यामुळे संगणक तिथपर्यंत भरतो आणि “नका” एकटं खाली टाकतो. घाईत वाचणारा वरचीच ओळ वाचणार. म्हणून “देऊ” आणि “नका” यांच्यामध्ये साधी मोकळी जागा न ठेवता न तुटणारी जागा घालायची; वेबपानात ती ` ` अशी लिहितात. मग वर “परवानगी” आणि खाली “देऊ नका” येतं. हे काम भाषांतर करणाऱ्याचं, पण बटण कसं दिसतं हे त्याला कुणी दाखवतच नाही. त्याच्याकडे शब्दांचा तक्ता येतो आणि महिन्याभराने निरोप येतो, “जरा छोटं करा.”

मावशीसारखी अक्षरं मोठी केली, तर शेजारी शेजारी बटणं ठेवण्याचा हट्टच सोडावा लागतो. वेबपानावर ते असं लिहिता येतं:

```css
.row { display: flex; flex-wrap: wrap; gap: 8px; }
.row button {
  box-sizing: border-box;
  flex: 1 1 7em;
  min-height: 40px;
  padding: 8px 16px;
  font: inherit;
  line-height: 1.5;
}
```

यातली गंमत `7em`मध्ये आहे. हे माप पिक्सेलमध्ये नाही, अक्षराच्या आकारात आहे. सोळाच्या अक्षराला सातपट म्हणजे ११२. दोन बटणं आणि फट मिळून २३२, ती २६४मध्ये बसतात आणि उरलेली जागा वाटून घेतात. अक्षर २१चं झालं, की एकेक बटण १४७ मागतं, दोन मावत नाहीत, आणि `flex-wrap` दुसऱ्याला खाली उतरवतो. आता प्रत्येकाला पूर्ण २६४ मिळतात आणि “परवानगी देऊ नका” एका ओळीत ऐसपैस बसतं.

चाचणीसाठी मराठी भाषांतर येईपर्यंत थांबायला नको. अँड्रॉइडमध्ये `en-XA` नावाची खोटी भाषा असते. ती इंग्रजी शब्दांवर चिन्हं चढवते, ते लांबवते आणि दोन्ही टोकांना कंस घालते. शेवटचा कंस दिसला नाही, तर तिथे मजकूर कापला जातोय हे कळतं. मात्र ती देवनागरीची खालची-वरची चिन्हं तपासत नाही. त्यासाठी मी “सर्वांसाठी” आणि “पूर्वावलोकन” हे दोन शब्द बटणात टाकून पाहतो. पहिल्यात रफार आणि अनुस्वार एकावर एक बसतात, दुसऱ्यात रफारासोबत ऊकारही आहे.

काही ठिकाणी मात्र मांडणी कितीही लवचिक केली तरी उपयोग होत नाही. पडद्याच्या तळाशी पाच खुणांची पट्टी असते, तिथे प्रत्येकीला ७२ पिक्सेल मिळतात आणि ओळ एकच. तिथे “मुख्यपृष्ठ” बसवायचा आटापिटा करण्यापेक्षा “होम” लिहिलेलं बरं. उलट “Notifications”ची तिथे दाटी होते आणि आपली “सूचना” आरामात बसते.