पैसे "घ्यायची" लिंक आली? आधी बघा, पैसे कोणाच्या खात्यात चालले



हंगाम संपला की आपण कुटार, जुनं रोटावेटर, बैलजोडी असं काही ना काही विकायला काढतो. आजकाल त्याचा फोटो मोबाईलवरच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर किंवा ग्रुपवर टाकतो. फसवणारा माणूस याच जाहिरातीवरून तुमचा नंबर घेतो.

समजा, अचलपूरकडच्या एका भावाने रोटावेटर ३८,००० रुपयांना टाकलं. फोन येतो, "मी फौजेत आहे, ड्युटीवर आहे. माझा माणूस गाडी घेऊन येईल, पैसे आताच टाकतो." भाव करत नाही, वस्तू पाहत नाही. (३८ हजाराची वस्तू न पाहता घेणारा गिऱ्हाईक आपल्या बाजारात कधी पाहिला का?) आधी तो ५ रुपये पाठवतो आणि ते खरंच जमा होतात. मग चॅटमध्ये "पैसे घेण्यासाठी हे उघडा" म्हणून एक लिंक येते. त्या लिंकच्या पोटात अशी ओळ असते:

```
upi://pay?pa=abc123@bank&pn=Buyer&am=38000&cu=INR&tn=Receive%20Money
```

कधी ही ओळ छोट्या लिंकमध्ये लपवतात, कधी हिचाच क्यूआर कोड करून पाठवतात. pay म्हणजे "पैसे दे". pa म्हणजे पैसे ज्याच्याकडे जाणार त्याचा पत्ता, आणि तो पत्ता त्याचाच आहे, तुमचा नाही. am म्हणजे रक्कम. tn म्हणजे शेरा, आणि इथेच सगळी गंमत आहे. शेऱ्यात लिंक बनवणारा वाट्टेल ते लिहू शकतो, "Receive Money", "Refund", काहीही. शेऱ्यात काय लिहिलं त्याने पैशाची दिशा बदलत नाही.

लिंक उघडली की आपलंच फोनपे, गुगल पे किंवा भीम उघडते, रक्कम आधीच भरलेली असते. ॲप खरं असल्यामुळे माणसाला संशय येत नाही. समोरचा फोनवर "लवकर करा, साहेब बोलावतात" म्हणून घाई करतो. पिन टाकला की ३८,००० गेले. मग तो म्हणतो, "अरे, उलटं झालं, थांबा, परतीची लिंक पाठवतो." तीही तशीच लिंक असते.

यात फक्त कमी शिकलेले सापडतात असं समजू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीने सोफा विकायला टाकला होता. आधी थोडे पैसे आले, मग क्यूआर कोड आला. पहिल्यांदा २०,००० गेले, "चूक झाली" म्हणून दुसरा कोड आला आणि आणखी १४,००० गेले.

पूर्वी असा माणूस ॲपमधूनच थेट पैशाची मागणी, म्हणजे "कलेक्ट रिक्वेस्ट", पाठवायचा. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसा-माणसातली ही मागणी बंद केली. दुकानदार-कंपन्यांची मागणी मात्र अजून येऊ शकते, आणि लिंक व क्यूआर तर चालूच आहेत. म्हणून "आता ते बंद झालं" असं कोणी सांगितलं तरी बिनधास्त राहू नका.

ओळखायचं कसं? पैसे घेताना पिन लागतच नाही. तुमचा नंबर दिला की समोरचा पाठवतो, तुम्हाला काहीच दाबायचं नसते. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, नाहीतर खात्यातली शिल्लक पाहताना. पण "पिन मागितला नाही म्हणजे धोका नाही" असंही नाही. यूपीआय लाइट चालू असेल तर १,००० रुपयांपर्यंतचं पेमेंट पिनशिवाय जाते, आणि काही ॲपमध्ये पिनऐवजी बोट किंवा चेहरा चालते. म्हणून बटण दाबायच्या आधी स्क्रीन वाचा. Pay लिहिलं असेल तर पैसे तुमच्या खात्यातून निघणार. तिथे समोरच्याचं बँकेतलं नावही दिसते. फोनवर "सुभेदार" म्हणणाऱ्याचं नाव तिथे वेगळंच निघालं, तर फोन ठेवून द्या.

"पैसे टाकले" असा मेसेज आला तरी माल गाडीत भरू नका. मेसेज खोटा बनवता येतो. बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहा. आपल्या कंपनीचा चुकारा पासबुकातल्या खात्यावर थेट जमा होतो. त्यासाठी आम्ही कोणाला लिंक किंवा क्यूआर पाठवत नाही.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच, एकदा एटीएममधून निघाले की कठीण. फोन करताना व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर, रक्कम आणि वेळ जवळ ठेवा, हे सगळं ॲपच्या हिस्ट्रीत सापडते. तक्रार cybercrime.gov.in वरही होते. बँकेलाही कळवा. आणि चॅट डिलीट करू नका, समोरच्याने "डिलीट करा" म्हटलं तरी, कारण पोलीस तोच पुरावा मागतात.