हिरवा दिवा आणि उपाशी बॅटरी

दुपारचे बारा वाजायच्या आत कंट्रोलरवर हिरवा दिवा लागतो, पडद्यावर बॅटरीचं चित्र काठोकाठ भरलेलं दिसतं, आणि रात्री नऊच्या सुमारास इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून टिटकारायला लागतो. सोलर बसवलेल्या घरांमधली ही अगदी नेहमीची तक्रार. त्यावर मिळणारं उत्तरही नेहमीचंच : “काका, बॅटऱ्या गेल्या. नव्या टाका.”

बॅटऱ्या खरंच गेलेल्या असू शकतात. पण पुष्कळदा त्या फक्त अर्धपोटी असतात. त्यांना कधी पूर्ण भरूच दिलेलं नसतं. हे कसं घडतं ते कळायला दापोलीकडचं एक घर डोळ्यांपुढे आणू. छपरावर ३३० वॅटची दोन पॅनेलं, समांतर जोडलेली. साधा ‘पीडब्ल्यूएम’ प्रकारचा चार्ज कंट्रोलर. खाली जिन्याखाली १५० अँपिअर-तासाच्या, पाणी घालाव्या लागणाऱ्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, एकामागे एक जोडून २४ व्होल्टच्या केलेल्या. घरात दिवे, तीन पंखे, एक छोटा फ्रिज. महिना डिसेंबर.

कंट्रोलरचं काम तसं साधं. पॅनेलकडून येणारी वीज बॅटरीत सोडायची आणि बॅटरी भरली की आवरतं घ्यायचं. अडचण एवढीच, की बॅटरी भरली हे त्याला थेट समजत नाही. त्याला समजतो तो व्होल्टेज, आणि तोही बॅटरीवरचा नव्हे, स्वतःच्या स्क्रूंवरचा. तिथे ठरलेला आकडा दिसला की तो करंट रोखून धरायला लागतो. पडद्यावरचा ‘१०० टक्के’ हाही बहुतेक स्वस्त कंट्रोलरांत त्याच व्होल्टेजवरून बांधलेला अंदाज असतो.

बॅटरी साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत झपाझप भरते. उरलेले वीस टक्के मात्र भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखे : पाणी कितीही ओता, आत मुरायला वेळ लागतोच. या टप्प्यात व्होल्टेज वरच्या पातळीवर, म्हणजे २४ व्होल्टच्या जोडीसाठी २९च्या आसपास, तासन्‌तास टिकवून धरावा लागतो आणि करंट आपोआप उतरत जातो. कंट्रोलरच्या भाषेत हा ‘बूस्ट’. तो संपला की २७.६ व्होल्टच्या आसपासचा ‘फ्लोट’ सुरू होतो. फ्लोट भरलेली बॅटरी भरलेली ठेवतो, रिकामी भरत नाही.

दापोलीच्या घरात पहिलं काम हायड्रोमीटरचं. ट्युब्युलर बॅटरीत पूर्ण भरल्यावर आम्लाची ग्रॅव्हिटी १.२४०च्या आसपास यायला हवी. मेकॅनिक तिला ‘बाराशे चाळीस’ म्हणतात. नेमका आकडा बॅटरीवरच छापलेला असतो. इथे हिरवा दिवा लागलेला असताना बाराही खणांत ११८५ ते ११९५. एकच खण मागे पडला असता तर बॅटरीत दोष म्हटलं असतं. सगळे सारखेच खाली आहेत, म्हणजे भरण्यातच खोट आहे. (आदल्या दिवशीच डिस्टिल्ड वॉटर घातलं असेल तर ही मोजणी करू नये. वर ताजं पाणी तरंगत असतं आणि आकडा फसवा येतो.)

दुसरं काम मल्टिमीटरचं, आणि ते भर उन्हात, करंट जोरात वाहत असतानाच करायचं. सकाळी सातला मोजून काही दिसणार नाही. साडेअकराला क्लॅम्प मीटरवर १५ अँपिअर होते. कंट्रोलरच्या बॅटरीकडच्या स्क्रूंवर २७.८ व्होल्ट. तोच मीटर घेऊन खाली जिन्याखाली गेलं आणि टोकं थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवली, थिंबलवर नव्हे. आकडा आला २६.५.

मधले १.३ व्होल्ट वायरीत गेले. कंट्रोलर माळ्यावर, पॅनेलांजवळ बसवला होता आणि तिथून बॅटरीपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची सहा मीटर वायर आणली होती. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून लांबी बारा मीटर धरायची. या जाडीच्या तांब्याचा रोध मीटरला सुमारे ७.४ मिलिओम. बारा मीटरचा झाला ०.०८९ ओम, आणि त्यातून १५ अँपिअर गेले की १.३ व्होल्ट गळणारच. वायर ना तापते, ना वास येतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. सैल स्क्रू किंवा थिंबलवरची पांढरी बुरशी हीच गळती आणखी वाढवते. ती शोधायची तर मीटरची दोन टोकं प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना टेकवायची. जिथे आकडा उठून दिसेल तो जोड उघडायचा.

पॅनेलकडच्या वायरीत दीड-दोन व्होल्ट गेले तर थोडी वीज वाया जाते, पण कंट्रोलर फसत नाही. बॅटरीकडच्या वायरीत गेले तर तो फसतो. तरीही आपल्याकडे जाड केबल बहुधा छपरावर दिसते आणि बॅटरीकडे उरलीसुरली वायर. इथे कंट्रोलर खाली आणला, बॅटरीशेजारच्या भिंतीवर, पण बाजूला. बॅटरीच्या डोक्यावर बसवला तर आम्लाची वाफ त्याला खाते, आणि चार्जिंगच्या शेवटी निघणारा हायड्रोजन वर जातो तो वेगळाच. बॅटरीपर्यंत दीड मीटर, १० चौरस मिलिमीटर वायर. गळती उरली दशांश व्होल्टच्या आत. लांबचा पल्ला पॅनेलच्या बाजूला गेला, आणि तो तिथेच असावा. ही पॅनेलं कागदोपत्री ३७ व्होल्टची. उन्हात तापून खाली आली तरी गळती वजा जाता ३०च्या वर राहतात.

काही जण वायर न बदलता सेटिंगच दीड व्होल्टने चढवतात. हे मला मुळीच पटत नाही. गळती करंटवर अवलंबून असते. करंट तीन अँपिअरवर उतरला की गळतीही पाव व्होल्टवर येते आणि तो चढवलेला आकडा जसाच्या तसा बॅटरीच्या अंगावर पडतो. मग पाणी उकळल्यासारखं उडतं आणि महिन्याभरात प्लेटा उघड्या पडतात.

वायरीनंतर सेटिंग. कंट्रोलर ‘जेल’वर ठेवलेला होता. त्यात बूस्ट २८.४ व्होल्ट. ट्युब्युलरसाठी हवा होता ‘फ्लडेड’ हा पर्याय, बूस्ट २९.२. मग साडेअकराला २७.८च का दिसत होते? कारण कंट्रोलर तापमानही बघतो. बॅटरी गरम असेल तर कमी व्होल्टेज पुरतो, म्हणून २५ अंशांच्या वर दर अंशाला तो २४ व्होल्टच्या जोडीमागे साधारण ०.०३६ व्होल्ट कापतो. नियम बरोबर आहे, पण तापमापक बसवलेला असतो कंट्रोलरच्या पोटात. माळ्यावर पत्र्याखाली ४३ अंश, म्हणजे ०.६५ व्होल्टची कापाकापी. आणि जिन्याखालच्या गारव्यात बॅटरी २८ अंशांवर! कंट्रोलर खाली आल्यावर हा घोळही मिटला. त्याला जागा हलवता येत नसेल तर वायरवाला सेन्सर घेऊन बॅटरीच्या अंगाला चिकटवावा.

तिसरं सेटिंग म्हणजे बूस्टचा वेळ. बऱ्याच कंट्रोलरांत तो आधीपासून दोन तास असतो. वायर आणि व्होल्टेज दोन्ही चुकलेले असताना ही दोन तासांची घंटा दहा वाजल्यापासूनच वाजायला लागायची आणि दुपारी ऊन भरात असताना कंट्रोलर फ्लोटवर जाऊन बसायचा. इथे वेळ तीन तास केला.

एवढं झाल्यावर बॅटरी भरायला हवी होती. चार दिवसांनी ग्रॅव्हिटी १२१०वर येऊन थांबली. आता बूस्ट दीडच्या सुमाराला सुरू व्हायचा, कारण बॅटरी खरोखरच करंट खात होती. पण अडीचनंतर व्होल्टेज २९वरून घसरून २७वर यायचा. छपरावर जाऊन पाहिलं तर पश्चिमेकडच्या नारळाची झावळी एका पॅनेलच्या कोपऱ्यावर. ही सावली आधीही पडत होती. तेव्हा कंट्रोलर करंट मागतच नव्हता, म्हणून ती कुणाला जाणवली नाही.

कोपऱ्यावरच्या सावलीने पूर्ण पॅनेल कसं बसतं? आत ७२ सेल एका माळेत असतात, २४-२४चे तीन गट करून. एका गटावर सावली आली की त्याचा करंट आटतो. त्याला वळसा घालायला बायपास डायोड असतो, पण वळसा घातला की त्या गटाचा व्होल्टेजही जातो. उरलेले दोन गट पंचविसाच्या आसपास, आणि तापल्यावर त्याहून कमी. एवढ्या दाबाने २९ व्होल्टवर उभ्या बॅटरीत काही शिरत नाही. दोन तृतीयांश पॅनेल लख्ख उन्हात असूनही बॅटरीच्या लेखी ते जवळपास बंदच. दुसऱ्या पॅनेलचे दुपारचे पाच-सहा अँपिअर उरले, त्यातले चार फ्रिजने खाल्ले.

पॅनेलं बसवली होती मे महिन्यात. कोकणात मेच्या मध्याला सूर्य डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवसही तेव्हाच येतो, त्यामुळे पाहणीला आलेल्या माणसाला सावली दिसली नाही. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून जेमतेम ४९ अंशांवर. झाडाची सावली तेव्हाच झाडाच्या उंचीएवढी होत आलेली असते आणि दुपार कलली की ती लांबतच जाते. छपराची पाहणी करायची तर डिसेंबरच्या सूर्याचा हिशेब मांडून करावी. नारळ तोडायचा प्रश्नच नव्हता. पॅनेल छपराच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

त्यानंतर चार वाजता बॅटरीच्या खुंट्यांवर २९ व्होल्ट टिकून होते आणि आत जाणारा करंट तीन अँपिअरवर आला होता, म्हणजे १५०च्या दोन टक्के. ट्युब्युलर भरत आल्याची ही खात्रीची खूण. तासातासाने घेतलेले ग्रॅव्हिटीचे तीन आकडे सारखे आले की आणखी शंका नको. अनेक महिने अर्धपोटी राहिलेल्या प्लेटांवर सल्फेट साचलेलं असतं आणि जड आम्ल तळाशी बसलेलं असतं, म्हणून सलग काही दिवस ‘इक्वलाइज’, २९.६ व्होल्टवर, खिडकी उघडी ठेवून आणि पाण्याची पातळी रोज बघत. जिन्याखाली त्या काळात उदबत्तीसुद्धा नको.

तीन आठवड्यांत अकरा खण १२३५ ते १२४०वर आले. बारावा १२१०वर अडला आणि तिथेच राहिला. त्या खणातलं सल्फेट घट्ट झालं होतं, ते आता विरघळणार नव्हतं. त्यामुळे पंखे पहाटे चारपर्यंत चालतात, सकाळपर्यंत नाहीत. एक बॅटरी तेवढी नवी आणावी असा विचार निघाला होता. पण जुनीच्या जोडीला नवी लावली की एक आधी भरते, दुसरी मागे राहते, आणि कंट्रोलरला दिसते ती दोघींची बेरीज. म्हणून आहे ती जोडी संपेपर्यंत वापरायची, आणि पुढच्या खेपेला दोन्ही एकदम बदलायच्या, असं ठरलं.